भूक आहे, पण घास गिळवत नाही

प्रश्न: माझी मुलगी १९ महिन्यांची आहे, वजन १० किलो. परवापासून १०१-१०२ ताप येतो-जातो. ताट दिसलं की धावत येते, घास तोंडात घेते आणि लगेच रडून थुंकून टाकते. लाळ खूप गळते, रात्री दचकून उठते, कान ओढते. सासूबाई म्हणतात दाढा येतायत. डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून तापाचं औषध दिलंय. तिला सांगता येत नाही, तर घसाच दुखतोय हे कसं ओळखायचं? आणि खायला काय द्यायचं?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ‘ताट दिसलं की धावत येते’. नुसत्या तापानं भूक मेलेलं मूल ताटाकडे बघतही नाही. मान फिरवतं, आईच्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहतं. घसा दुखणारं मूल मात्र भुकेलेलं असतं. ते येतं, आ करतं, घास घेतं, आणि गिळायच्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो. म्हणून ‘बाळ काही खात नाही’ असं सांगत कोणी माझ्याकडे आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: भूक नाही, की भूक आहे पण गिळवत नाही? आई-आजीला याचं उत्तर बहुतेक वेळा नेमकं ठाऊक असतं, फक्त तसं कोणी विचारलेलं नसतं.

गिळतानाचा तो क्षण नीट बघा. मूल घास तोंडात घेऊन गालात धरून ठेवतं आणि गिळायचं टाळतं. दूध तोंडात घोळवून बाहेर सोडतं. गिळताना डोळे घट्ट मिटतं, मान थोडी पुढे काढतं, अंगाला झटका देतं आणि मग रडतं. अंगावर पीत असेल तर आधाशासारखं स्तन तोंडात घेतं, दोन घोट ओढतं, किंचाळून सोडतं आणि परत मागतं. बाटलीचं तर त्याहून वाईट, कारण ओढायला जोर लागतो आणि निप्पल टाळूवर घासतं.

लाळेचं कारणही तेच. लाळ आपण सगळेच दिवसभर नकळत गिळत असतो. प्रत्येक घोटाला दुखायला लागलं की मूल लाळही गिळत नाही, ती ओठांवरून बाहेर येते. ज्या मुलाचं लाळेरं सहा-आठ महिन्यांपूर्वी सुटलं होतं त्याचा सदरा पुन्हा भिजायला लागला, तर मी आधी घसा बघते. रात्रीचं दचकणंही यातच येतं. झोपेत मूल आपोआप गिळतं आणि त्या दुखण्यानं जागं होतं. कान ओढण्याचंही नवल वाटू देऊ नका. घशाच्या मागच्या भागातली आणि कानातली संवेदना काही प्रमाणात एकाच नसेतून जाते, त्यामुळे दुखतं घशात आणि जाणवतं कानात. मोठी माणसंसुद्धा घसा सुजला की ‘गिळताना कानात कळ येते’ म्हणतात. तरीही कान एकदा डॉक्टरांनी यंत्रानं आतून बघायला हवा, कारण या वयात सर्दीपाठोपाठ कानात पू होणंही नेहमीचं आहे आणि बाहेरून दोन्हींतला फरक कळत नाही.

दाढांबद्दल सासूबाईंचा अंदाज वयाला धरून आहे. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यानच येतात आणि त्याही लाळ गाळायला लावतात. पण दात येणाऱ्या मुलाला चावायला हवं असतं. पोळीचा कडक तुकडा, खेळणं, आईचं बोट, काहीही हिरडीखाली दाबून धरलं की त्याला बरं वाटतं. घसा दुखणारं मूल तोंडात काही जाऊच देत नाही. आणि दातांमुळे अंग थोडं कोमट लागेल, पण १०१-१०२ ताप येत नाही. ताप १००.४ च्या वर गेला की त्याला दुसरं कारण आहे असं समजावं. ‘दातांमुळेच असेल’ म्हणून चार दिवस घरी थांबलेली आणि सुकून आलेली मुलं मी बरीच पाहिली आहेत.

आता तुम्हाला घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगते. डॉक्टरांनी दिलेलं तापाचं औषध बहुधा पॅरासिटामॉल असेल. ते ताप उतरवतं तसं दुखणंही कमी करतं. योग्य मात्रेत दिल्यावर पाऊण तास थांबा आणि मग तिला गार दूध किंवा पेज द्या. आधी थुंकणारी मुलगी आता घटाघटा प्यायली, तर अडचण दुखण्याची होती हे कळलं. शिवाय दिवसात खाऊ घालायची वेळ कोणती हेही कळलं. पालकांकडून इथेच चूक होते. औषध फक्त थर्मामीटर बघून दिलं जातं. ताप नाही म्हणून औषध नाही, आणि मग जेवणाच्या वेळी मूल कळवळतं. घसा दुखण्याचे दोन-तीन दिवस औषधाची वेळ खाण्याच्या वेळेशी जुळवा.

मात्रेबद्दल सावकाश सांगते, कारण यात होणारी चूक महागात पडते. पॅरासिटामॉल दर किलो वजनाला एका वेळी १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात. दोन डोसांत किमान ६ तासांचं अंतर ठेवतात आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा देत नाहीत. तुमच्या १० किलोच्या मुलीला एका वेळी १५० मिलिग्रॅम. पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात याच औषधाच्या निदान तीन प्रकारच्या बाटल्या मिळतात. ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर तिला साधारण ६ मिली लागेल. ५ मिलीमध्ये २५० असेल तर ३ मिली. आणि ड्रॉपरवाली छोटी बाटली, जिच्यात १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, ती असेल तर दीड मिली. ‘मागच्या वेळी ६ मिली दिलं होतं’ या आठवणीवर कोणी ड्रॉप्समधून ६ मिली दिलं तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे चौपट. म्हणून बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा, सोबतच्या मापानंच मोजा, घरातला चमचा वापरू नका, आणि दिलेली वेळ कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आई आणि आजी दोघींनी प्रेमापोटी अर्ध्या तासाच्या अंतरानं डोस दिल्याचं मी पाहिलं आहे. सर्दीच्या एकत्रित औषधातही कधी कधी पॅरासिटामॉल असतं, म्हणून ते सोबत देऊ नका. मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन असलेली औषधं या दिवसांत स्वतःहून देऊ नका. मूल पाणी कमी पीत असताना मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो, आणि पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अॅस्पिरिन तर मुलांना तापात अजिबात द्यायचं नाही.

घसा नक्की कशानं दुखतोय? तुमच्या मुलीचं वय, अचानक आलेला ताप, लाळ आणि गिळताना रडणं हे सगळं एकत्र बघता मला पहिल्यांदा आठवतो तो हर्पान्जायना. नाव अवघड असलं तरी आजार साधा आहे. कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंमुळे घशाच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या आजूबाजूला, मऊ टाळूवर चार-सहा बारीक फोड येतात. ते फुटून पांढुरक्या तळाचे आणि लाल कडेचे व्रण होतात. आकार मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढा, पण दुखणं तोंड आल्यासारखं. हेच विषाणू तळहात, तळपाय, गुडघे आणि ढुंगणावरही फोड आणतात तेव्हा त्याला हात-पाय-तोंडाचा आजार म्हणतात. पहिल्या दिवशी घसा नुसता लाल दिसतो, व्रण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना तेव्हा ‘लाल’ एवढंच दिसलं असेल तर त्यात त्यांची चूक नाही. ताप दोन ते चार दिवस राहतो, व्रण साधारण आठवड्यात भरतात. गिळायचा सगळ्यात जास्त त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतो, म्हणजे तुम्ही आत्ता अगदी त्या दिवसांत आहात.

घरी बघायचं असेल तर तिला मांडीवर घ्या, दुसऱ्या कोणाला मोबाइलची बॅटरी धरायला सांगा आणि ती रडताना किंवा हसताना आ करेल तेव्हा दोन सेकंद आत बघा. चमचा घालून जीभ दाबू नका. दिसलं तर दिसलं, नाही तर डॉक्टर बघतील. व्रण मागे न दिसता हिरड्या लालभडक सुजलेल्या, हात लावताच रक्त येणाऱ्या आणि फोड ओठांवर, जिभेवर पुढच्या बाजूला असतील, तर तो दुसरा विषाणू, हर्पीसचा. तो दहा ते चौदा दिवस छळतो. त्याच्यावर औषध आहे, पण ते पहिल्या तीन-चार दिवसांत सुरू केलं तरच फार उपयोगी पडतं, म्हणून असं दिसलं तर लगेच दाखवा.

अँटिबायोटिक का दिलं नाही, असं घरातलं कोणीतरी विचारेलच. ज्या जिवाणूच्या घसादुखीला अँटिबायोटिक लागतं तो स्ट्रेप्टोकोकस साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त सापडतो. तीन वर्षांखाली तो क्वचितच घशाला धरतो, आणि त्याच्यामागून येणारा हृदयाच्या झडपांचा संधिवाती ताप या वयात आणखी विरळा. घरात शाळेत जाणाऱ्या भावंडाला तसा घसा झाला असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग विचार बदलतो. विषाणूच्या व्रणांवर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही. झालेच तर जुलाब होतात, आणि आधीच कमी पिणाऱ्या मुलाचं पाणी आणखी कमी होतं.

कारण खरा धोका पाण्याचाच आहे. व्रण आपोआप भरतील. मूल तीन दिवस जेवलं नाही तरी निभावतं, पण प्यायलं नाही तर निभावत नाही. हे एका मुलाच्या गोष्टीतून सांगते, म्हणजे आकडे नुसते आकडे राहणार नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक आजी-आई २२ महिन्यांच्या मुलाला घेऊन संध्याकाळी सहाला आल्या. वजन ११ किलो. तापाचा दुसरा दिवस. सकाळपासून दोन चमचे वरणाचं पाणी गेलेलं, आणि शेवटची लघवी दुपारी बाराची. घरच्यांनी प्रयत्नांत कसूर केली नव्हती: ताकद यावी म्हणून मोसंबीचा रस, घसा शेकावा म्हणून आलं-मिरी घातलेलं गरम सूप, मग बाटलीनं कोमट दूध. रसाचा पहिला घोट जाताच तो किंचाळला होता आणि त्यानंतर पेला नुसता दिसला तरी तोंड झाकत होता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आंबट, तिखट किंवा गरम पदार्थानं एकदा चरका बसला की मूल पुढच्या चार चांगल्या पदार्थांनाही नकार देतं.

घशात पाच व्रण होते. मान सगळीकडे वळत होती, श्वास शांत होता, रडताना थोडे अश्रू येत होते. सव्वासहाला मोजून औषध दिलं आणि आजीला सांगितलं, आता पाऊण तास त्याला काहीही देऊ नका, विचारूही नका. बरोबर सातला फ्रिजमधल्या गार दुधानं सुरुवात केली. पेला दाखवला नाही. आईनं मांडीवर आडवं न घेता उभं बसवलं आणि ५ मिलीच्या सिरिंजनं, सुई नसलेल्या अर्थातच, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडलं. घशावर पिचकारी मारली तर मूल ठसकतं, गालात सोडलं तर स्वतःच्या वेळेनं गिळतं. दर दोन-तीन मिनिटांनी ५ मिली. पहिली तीन-चार वेळा त्यानं रडून अर्धं बाहेर सोडलं. दहाव्या वेळेपासून स्वतः तोंड उघडायला लागला. तासाभरात ११० मिली पोटात गेलं, साडेआठला लघवी झाली, आणि मी त्याला घरी पाठवलं.

घरी आजीनं बोंडलं काढलं. मला ते फार आवडलं, कारण सिरिंज बघितली की मुलांना औषध आठवतं आणि बोंडल्याची चोच गालात बरोबर बसते. ११ किलोच्या मुलाला एरवी दूध, पाणी, पातळ अन्न मिळून दिवसाला साधारण लिटरभर द्रव लागतो. आजाराच्या दिवसांत तेवढा जाणार नाही हे धरून चालायचं आणि निम्म्याच्या वर राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं वहीत मांडून ६२० मिलीचा हिशोब आणला, चार वेळा लघवी. खाणं म्हणाल तर अर्धं केळं आणि थोडी पेज. मी म्हटलं, उत्तम. चौथ्या दिवशी ताप गेला, सहाव्या दिवशी वरणभात मागून खाल्ला. वजन पाव किलो उतरलं होतं, ते दोन आठवड्यांत भरून निघालं.

तुमच्या मुलीचा हिशोब जवळपास तोच. लघवीवर लक्ष ठेवा, कारण तिथे अंदाजाला जागा नाही. डायपर असेल तर तो जड लागतोय का बघा, आणि शंका असेल तर दिवसा काढून लंगोट घाला, म्हणजे वेळा मोजता येतील. जागेपणी सहा तास लघवी झाली नाही तर पिण्याचा जोर वाढवा. आठ तास झाले, किंवा रडताना अश्रू नाहीत, जीभ कोरडी, डोळे खोल, मूल सुस्त असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथे शिरेतून पाणी देऊन काही तासांत मूल खेळायला लागतं.

आता काय द्यायचं. नियम साधा आहे: गार किंवा साधं, मऊ, आणि आंबट-खारट-तिखट नसलेलं. गार देण्याला घरातून विरोध होईल. ‘घसा धरलाय आणि गार कसलं देता’ हे मी रोज ऐकते. गारव्यानं हे व्रण आलेले नाहीत, विषाणूनं आलेत, आणि गारव्यानं ते वाढतही नाहीत. उलट दुखरी जागा काही मिनिटं बधिर होते. तोंड आलेलं असताना आपण स्वतः काय मागतो ते आठवा. तेव्हा गार दूध, थंड केलेली रव्याची किंवा शेवयांची पातळ खीर, दोन चमचे साधं आइस्क्रीम किंवा कुल्फी हे सगळं चालेल, नुसतं चालेल नाही, या दोन दिवसांत कामाचं आहे. साखर-फॅटचा विचार पुढच्या आठवड्यात करू.

तांदळाची पेज मला या आजारात सगळ्यात जवळची वाटते. मऊ शिजवून घोटायची, चमच्यावरून सहज ओघळेल एवढी पातळ ठेवायची, साजूक तूप अर्धा चमचा, मीठ नावाला, आणि पूर्ण निवू द्यायची. व्रणांवर मीठ झोंबतं, म्हणून मोठ्यांच्या चवीचं मीठ तिला नको. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून गार केलेलं, कुस्करलेलं केळं, पिकलेला चिकू, उकडून दुधात कालवलेलं रताळं, मुगाची घोटलेली खिचडी हेही जातं. दही ताजं, गोड, आंबूस न झालेलं असेल तर गार दहीभात पुष्कळ मुलं आवडीनं खातात. कालचं दही किंवा ताक झोंबेल. घास अर्ध्या चमच्याचा ठेवा. औषधानंतरच्या दीड-दोन तासांत जे जाईल ते जाऊ द्या, मग पुढच्या वेळेपर्यंत फक्त पेय. ताटाशी अर्धा तास झुंजू नका. नाक दाबून, हात धरून भरवलेला घास दुखऱ्या घशातून जातो तेव्हा मुलाला खाण्याचीच भीती बसते, आणि घसा बरा झाल्यावरही ती महिनाभर राहिलेली मी पाहिली आहे.

अंगावर पीत असेल तर बंद करू नका. अर्धवट झोपेत असताना, औषधानंतर, पाजून बघा. झोपेच्या तंद्रीत मुलं कमी विरोध करतात. ओढता येत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं द्या. यात तुमचंही भलं आहे, नाही तर दोन दिवसांत छातीत गाठी होतात.

जुलाब नसतील तर ओआरएसची सक्ती नाही. दूध, पेज, शहाळ्याचं पाणी, साधं पाणी आलटून पालटून पुरतं. द्यायचंच असेल तर मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, छोटं पाकीट २०० मिलीत, पूर्ण एकदम कालवा. चिमूट-चिमूट पावडर पेल्यात टाकली तर प्रमाण बिघडतं आणि जास्त खारट झालेलं ती घेणारही नाही.

न द्यायच्या गोष्टींत मोसंबी-संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार, टोस्ट, खारी, चिवडा, चकली हे आलंच. काढा नको. आलं, मिरी, लवंग व्रणाला भाजतात. एक वर्षावरच्या मुलाला मध अर्धा चमचा चाटवायला हरकत नाही, वर्षाखाली मात्र अजिबात नाही. गुळण्या या वयात जमत नाहीत, मूल पाणी तरी गिळतं किंवा ठसकतं. चघळायच्या गोळ्या घशात अडकू शकतात. तोंड आल्यावर लावायचे जेल मोठ्यांसाठी असतात, त्यात बधिर करणारं किंवा सॅलिसिलेटचं औषध असतं आणि मूल ते सगळं गिळतं, म्हणून डॉक्टरांनी नेमकं लिहून दिल्याशिवाय लावू नका. खोकला-सर्दीची पातळ औषधं दोन वर्षांखाली द्यायची नाहीत. आणि एक कळकळीची विनंती: ‘पडजीभ पडली’ म्हणून कोणी बोटाला मीठ-हळद लावून घशात घालत असेल तर घालू देऊ नका. पडजीभ पडत नसते, ती सुजलेली असते. त्या बोटानं व्रण फुटतात, रक्त येतं, आणि मूल पुढचे दोन दिवस पाणीसुद्धा घेत नाही.

काही वेळा हीच लक्षणं वेगळ्या आजाराची असतात. तिथे घरी थांबायचं नाही. ताप नाही, सर्दी नाही, मूल खेळत होतं आणि एकाएकी लाळ गळायला लागली, गिळवेना, तर घशात किंवा अन्ननलिकेत काहीतरी अडकल्याचा संशय घ्या. नाणं असू शकतं. रिमोटमधला किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर तो दोन तासांतच अन्ननलिका भाजायला लागतो. बोट घालून काढायचा प्रयत्न नको, उलटी करवायची नाही, एक्स-रे होईल अशा रुग्णालयात तडक जायचं. ताप आहे आणि मूल मान वळवतच नाही, वर बघायचं असेल तर डोळेच फिरवतं, मान एका बाजूला धरून ठेवतं, तर घशामागे पू साठलेला असू शकतो. श्वास आत घेताना घर्रघर्र किंवा शिटीसारखा आवाज येतो, मूल पुढे झुकून, हनुवटी पुढे काढून बसतं, आडवं पडायला नकार देतं, आवाज तोंडात गोळा धरल्यासारखा येतो, तर श्वासाची वाट अरुंद होते आहे. अशा मुलाचा घसा घरी बघायचा नाही, त्याला रडवायचं नाही, झोपवायचं नाही. ते ज्या स्थितीत बसलंय तसंच कडेवर घेऊन निघायचं. आणि घशात करडा-पांढरा, चिकटून बसलेला पडदा दिसत असेल, मान फुगली असेल आणि लशी अर्धवट असतील तर घटसर्प डोक्यात ठेवावा लागतो. तुमच्या मुलीचा १६ ते २४ महिन्यांतला त्रिगुणीचा बूस्टर झाला नसेल तर बरी झाल्यावर लगेच करून घ्या.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, मुलगी ताटाकडे धावते आहे, ही चांगली खूण. तरी परवापासून ताप आहे म्हणजे आज तिसरा दिवस. उद्याही ताप राहिला तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. ते घसा आणि कान परत बघतील, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर रक्त तपासायचं का तेही ठरवतील. मधल्या वेळेत अंगावर कुठे बारीक लाल ठिपके दिसले, पोट दुखल्यासारखं वाटलं, उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची वाट बघू नका.

घरात मोठं भावंड असेल किंवा ती पाळणाघरात जात असेल तर भांडी, पेला, टॉवेल वेगळे ठेवा. हा विषाणू लाळेतून पसरतो आणि शीतून तर आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबण-पाण्यानं हात चोळून धुवा. नुसत्या सॅनिटायझरला तो नीट दाद देत नाही. ताप जाऊन एक दिवस झाला, लाळ थांबली, ती नीट खाऊ लागली की पाळणाघरात पाठवायला हरकत नाही.

बरी झाल्यावर तिला चांगली भूक लागेल. पुढचे दोन आठवडे नेहमीच्या जेवणाशिवाय एक जादा खाणं द्या, तूप घातलेला मऊ भात, अंडं, शिरा, जे आवडेल ते. उतरलेलं वजन तेवढ्यानं परत येतं. आणि महिनाभरानं तिच्या हातापायाचं एखादं नख मुळाशी सुटलेलं दिसलं तर घाबरून ओढू नका. हात-पाय-तोंडाच्या आजारानंतर काही मुलांत असं होतं. खालून नवं नख आलेलं असतं, जुनं आपोआप गळतं.